सुविचाराखालची रिकामी ओळ

आमच्या शाळेत वर्गाच्या फळ्यावर डाव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक असे, उजव्या कोपऱ्यात पट आणि हजर, आणि मधोमध अगदी वर, रंगीत खडूने, सुविचार. पट-हजेरीचा आकडा रोज पुसून नवा लिहिला जाई, कारण तो चुकला तर कुणीतरी विचारायला येई. सुविचाराचं तसं नव्हतं. 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य सोमवारी फळ्यावर चढलं की शनिवारपर्यंत सुखाने नांदायचं. एकदा गुरुवारी मी सगळ्या वर्गाला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, सांगा बघू, सुविचार काय लिहिलाय? साठ मुलांत दोन हात वर आले, आणि ज्या मॉनिटरने तो सुरेख अक्षरात लिहिला होता त्याचा हात त्यांत नव्हता.

मंडळी, मुलांना मी दोष देत नाही. त्या वाक्याने त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. 'घंटा झाली की रांगेत उभे राहा' हे वाक्य कुणी सुंदर अक्षरात लिहीत नाही, पण ते सगळ्यांना पाठ असतं.

पुढे फळ्याची जागा मोबाईलने घेतली. आता पहाटे साडेपाचपासून सूर्योदय, चहाचा कप, गुलाब आणि त्यावर सुविचार. २०१८ च्या जानेवारीत बातमी आली होती, आठवत असेल तुम्हाला, की भारतातल्या दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते, आणि त्याचं एक मोठं कारण ही सुप्रभातची चित्रं आहेत, असं गूगलच्या लोकांना आढळलं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरची मंडळी हे वाचत असतीलच, म्हणून जास्त बोलत नाही.

हे सगळं आता आठवायला कारण झाली माझी नात. ती पुण्याला असते. तिची एक मैत्रीण रत्नागिरीजवळच्या गावात दहावीच्या मुलांची शिकवणी घेते आणि तिच्या इन्स्टाग्रामच्या पानासाठी नात चित्रं करून देते. या वेळी करायचं होतं कॅरोसेल. म्हणजे एकाच पोस्टमध्ये एकामागून एक, बोटाने सरकवत बघायची चित्रं. २०१७ साली ही सोय आली तेव्हा दहा चित्रं चालायची, २०२४ पासून वीस चालतात. नातीने सात पानं ठरवली होती: एक मुखपृष्ठ, पाच सुविचार, एक शेवटचं पान. आणि नुसते सुविचार घिसेपिटे वाटतात म्हणून प्रत्येकाखाली 'आजची कृती' अशी एक ओळ. मला तिने ते शुद्धलेखन तपासायला पाठवलं. शुद्धलेखन दहा मिनिटांत आटोपलं, कृतींवरचा वाद मात्र दोन आठवडे पुरला.

तिची कल्पना मला फार आवडली हे आधी सांगते. पण सुविचाराखाली काहीही लिहिलं की ती कृती होते, असं नाही. पहिलंच पान बघा. वर म्हण होती, 'थेंबे थेंबे तळे साचे', आणि खाली कृती: 'आजपासून रोज थोडा थोडा अभ्यास करा.' मी तिला फोन केला. म्हटलं, अगं, हे तर म्हणीचंच भाषांतर झालं. वरच्या ओळीत थेंब होता तो खाली 'थोडा थोडा' झाला, बस्स. तिने दुरुस्ती पाठवली: 'रोज दोन तास अभ्यास करा.' आता आकडा आला खरा, पण हे दोन तास कधी, कुठे बसून, कशाचे? आणि ज्या मुलाचे पहिल्याच दिवशी दोन तास झाले नाहीत, त्याचा थेंबही गेला आणि तळंही गेलं.

मी तिला एकच कसोटी सांगितली. रात्री झोपताना त्या मुलाच्या आईने विचारलं, 'केलंस का?' तर त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देता आलं पाहिजे. 'थोडं केलं', 'करतोय', 'उद्यापासून' अशी उत्तरं शक्य असतील तर ती कृती नव्हे. चार-पाच फेऱ्यांनंतर त्या पानावर हे ठरलं: 'आज रात्री जेवून हात धुतलेत की, दप्तर भरण्याआधी, इतिहासाच्या एका धड्यातले पाच सन कोऱ्या कागदावर न बघता लिहा.'

यातला प्रत्येक शब्द भांडून आलेला आहे. 'हात धुतलेत की' अशासाठी, की जेवण आणि हात धुणं हे प्रत्येक घरात होतंच, त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. नातीने आधी 'संध्याकाळी एसटीची वाट बघताना' असं लिहिलं होतं. ते मला मनापासून आवडलं होतं, कारण आमच्याकडच्या निम्म्या मुलांचा दिवसातला अर्धा-पाऊण तास थांब्यावरच जातो. पण शिकवणीतली उरलेली निम्मी मुलं चालत घरी जातात, त्यांना ते पान परकं झालं असतं. 'पाच' अशासाठी, की पाच सन कंटाळा यायच्या आत लिहून होतात. आणि 'न बघता' हा तर सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. आपली मुलं पुस्तक उघडं ठेवून वाचतात आणि 'येतंय, येतंय' म्हणतात, ते त्या पाच मिनिटांवरचं असतं.

'अमुक झालं की तमुक करीन' अशी गाठ मारण्याला या शास्त्रात मोठं स्थान आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी त्यावर बरंच काम केलं असून १९९९ चा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. पण मला स्वतःला त्याहून जुना, १९६५ चा येल विद्यापीठातला प्रयोग जास्त बोलका वाटतो. हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लसीची माहितीपत्रकं वाटली. काही पत्रकं थरकाप उडवणारी, काही सौम्य. भयंकर पत्रक वाचणाऱ्यांनी लस घेण्याची जास्त इच्छा बोलून दाखवली. पण प्रत्यक्षात दवाखान्यात कोण गेलं? नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी साधारण शंभरात तीन. काहींना मात्र पत्रकाबरोबर विद्यापीठाचा नकाशा दिला होता, त्यात दवाखाना दाखवला होता, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते बघा असं सांगितलं होतं. त्यांच्यातले शंभरात अठ्ठावीस गेले. गंमत म्हणजे ही शेवटच्या वर्षाची मुलं होती, दवाखाना कुठे आहे हे त्यांना ठाऊकच होतं. पत्रकातल्या भीतीने इच्छा वाढली, पावलं मात्र नकाशा आणि वेळापत्रकाने हलली. आपला सुविचार म्हणजे ते पत्रक. नातीच्या 'आजच्या कृती'चं काम नकाशाचं.

आता दुसरं पान, आणि याच्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

त्या पानावर होती वाळू रगडून तेल काढण्याची ओळ. मूळ ओळ इथे देत नाही, तुम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. कोकणातल्या किती शाळांच्या भिंतींवर ती रंगवलेली मी पाहिली असेल, सांगता येणार नाही. प्रयत्न केला की अशक्यही शक्य होतं, असा तिचा अर्थ सगळे सांगतात. नातीला तिच्याखाली कृती काही केल्या सुचेना. 'कठीण गणित तीनदा सोडवा' लिहून बघितलं, 'हार मानू नका' लिहून बघितलं, पण काही जमेना. मला म्हणाली, 'आजी, या ओळीखाली काहीच बसत नाहीये गं.'

बसणार कसं? ही ओळ भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाची, वामन पंडितांनी मराठीत आणलेली. पूर्ण श्लोक चार चरणांचा आहे आणि आपण भिंतीवर रंगवतो तो फक्त पहिला. कवी म्हणतो, एक वेळ वाळूतून तेल निघेल, एक वेळ मृगजळाने तहान भागेल, एक वेळ रानात हिंडून सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतलं तेल हे कवीच्या दृष्टीने सशाच्या शिंगाच्या जातीचं, न होणाऱ्या गोष्टींतलं. प्रयत्नवादाचा त्यात गंधही नाही. उलट, काही ठिकाणी प्रयत्न वाया जातो एवढंच तो सांगतोय. पहिला चरण कापून घेतला आणि अर्थ पार उलटा झाला. मराठी शिकवताना मी हे दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणात ती ओळ ठरल्याप्रमाणे यायचीच. असो.

पण मला कौतुक वाटलं ते याचं, की नातीने ना भर्तृहरी वाचलाय ना वामन पंडित. तरी तिला ती ओळ खटकली, कारण तिच्याखाली माणसाने उद्या सकाळी करण्याजोगं काही लिहिता येईना. आपण समजतो की कृतीची ओळ वाचकासाठी असते. माझं मत असं झालंय की ती आधी सुविचारासाठी असते. ज्या वाक्याखाली कृती बसत नाही, ते वाक्य एक तर तोडून आणलेलं असतं, नाही तर पोकळ असतं. 'स्वतःवर विश्वास ठेवा' आणि 'मोठी स्वप्ने बघा' ही दोन पानंही याच चाळणीत अडकली. त्यांच्याखाली कृती लिहायला गेलं की, 'आरशात बघून स्वतःला सांगा' असलं काहीतरी येतं. नातीने ती तिन्ही पानं काढून टाकली.

याउलट एखादी झिजलेली ओळ कृतीने पुन्हा जिवंत होते, हेही बघितलं. तीच ती अपयशाची पायरी. पूर्वपरीक्षेचे पेपर जानेवारीत हातात येतात, तेव्हा मुलं एकूण गुण बघतात आणि पेपर दप्तराच्या तळाशी कोंबतात. या पानावर आम्ही लिहिलं: 'पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर काढा. कागदावर तीन खण आखा: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. गेलेला प्रत्येक गुण यांपैकी एका खणात टाका.'

समजा एका मुलाला चाळीसपैकी तेवीस मिळाले. सतरा गेले. खण भरल्यावर दिसलं की 'येतच नव्हतं' मध्ये पाच आहेत, 'येत होतं पण चुकलं' मध्ये नऊ, वेळेअभावी तीन. मग त्याचा उरलेल्या महिन्याचा अभ्यास नवीन प्रकरणं पाठ करण्याचा नाही, चिन्हं, एककं आणि प्रश्नातले आकडे नीट उतरवून घेण्याचा आहे. शेजारच्या मुलीलाही तेवीसच मिळाले, पण तिच्या पहिल्या खणात बारा आले, तर तिचा रस्ता वेगळा. दोघांचं अपयश आकड्याने सारखं आहे, आणि पायरी प्रत्येकाची निराळी. ती कुठली, हे त्या तीन खणांशिवाय कळत नाही. आणि वर्षानुवर्षं आम्ही फळ्यावर त्या पायरीचं नाव लिहीत आलो!

'आजचे काम उद्यावर ढकलू नका' या पानावर वेगळीच अडचण आली. 'नका' ने संपणाऱ्या वाक्याची कृती करता येत नाही. न ढकलणं दिसत नाही, करून दाखवता येत नाही. तिथे 'नका' च्या जागी काहीतरी 'करा' आणावं लागतं. आम्ही ठेवलं: 'आज शाळेतून आलात की बूट काढण्याआधी उद्याच्या गृहपाठाची वही दप्तरातून काढून जेवायच्या जागी ठेवा.' नात हसली. म्हणाली, 'एवढंच?' एवढंच. वही समोर दिसली की निदान उघडली जाण्याची शक्यता असते. दप्तरातली वही सकाळी प्रार्थनेच्या घंटेलाच आठवते.

मग मी तिला एक खेळ सांगितला. वरच्या ओळी वेगळ्या कागदांवर, कृती वेगळ्या कागदांवर लिही, पत्त्यांसारखे पिस, आणि ज्याने हे कधी पाहिलं नाही अशा कुणाला तरी जोड्या लावायला दे. आमच्या शेजारचा मुलगा यंदा दहावीलाच आहे. बाई नोकरीत नसल्या तरी प्रश्नपत्रिका काढतात, हे त्याला ठाऊक असल्याने तो बिचारा लगेच बसला. पाचांपैकी तीन जोड्या बरोबर लागल्या. उरलेल्या दोन त्याने उलटसुलट केल्या, आणि त्या केल्या तशाही चालल्या असत्या. एका पानावर होतं 'एक ग्लास पाणी प्या आणि पाच मिनिटं शांत बसा', दुसऱ्यावर 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा'. वाईट काहीच नाही यांत. पण या कृती कुठल्याही सुविचाराखाली खपतात. सुविचारांसारखेच कृतींचेही गुळगुळीत नमुने आता तयार झालेत, आणि घिसेपिटेपणा वरच्या ओळीतून हाकलला तर तो मागच्या दाराने खालच्या ओळीत येऊन बसतो. दोन्ही पानं बदलली.

त्यातलं एक पान कसं बदललं ते सांगते. वर ओळ होती 'घरच्यांची साथ असेल तर कुठलीही परीक्षा सोपी'. हिच्याखाली मुलाने काय करायचं? साथ द्यायची आहे ती घरच्यांनी. मी म्हटलं, ही कृती आईवडिलांची आहे, ती त्यांच्याच नावाने लिही. तिथे आलं: 'आई-बाबांसाठी: आज रात्री जेवताना मुलाला एक प्रश्न विचारा, पण अभ्यासाबद्दलचा नाही.' आणि शेजारच्या वहिनींना हे पान दाखवलं तर त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'बाई, असा प्रश्न कुठला विचारायचा हो?' मी सांगितलं, शेजारच्या मांजरीची पिल्लं कुठे गेली, हे विचारा.

हा मुद्दा मला शिकवणीपुरता वाटत नाही. कृती कुणाची, हे न बघता आपण ओळ पाठवून देतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मोठं आजारपण होतं, तेव्हा ग्रुपवर तिला चाळीसेक निरोप आले, हिंमत धर, हेही दिवस जातील, देव पाठीशी आहे. ती मला म्हणाली, 'बाई, प्रत्येक निरोपाला हात जोडलेलं चित्र पाठवण्याचं काम तेवढं वाढलं.' एकीने मात्र लिहिलं होतं, 'उद्यापासून आठवडाभर सकाळी आठला डबा घेऊन येते, गेटवर ठेवते, वर येणार नाही.' हिंमत धर, या ओळीखालची कृती आजारी माणसाच्या घरच्यांची नव्हतीच, पाठवणाऱ्याची होती. ज्या चाळीस जणांनी ती तिच्याकडे ढकलली त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी जाणते. तरी तिच्यावर एका कामाची भर पडली ती पडलीच.

राहिलं शेवटचं पान. तिथे नातीने लिहिलं होतं, 'या पाचही गोष्टी आजपासून करा!' हे मी खोडलं. एक बेत असेल तर अशी गाठ मारल्याचा फायदा होतो, पण पाच-सहा बेत एकदम आखायला लावले तर माणसाला ते किती अवघड आहे तेच दिसू लागतं आणि फायदा गळून जातो. तसा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला होता, पण त्याआधीही सुट्टीचा अभ्यास देणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे माहीत होतं. आता तिथे आहे: 'यांतली एकच निवडा. तिचा आकडा हाताच्या पंज्यावर पेनने लिहा. बाकीची पानं उद्या बघा.'

अक्षरांबद्दल एकच तक्रार केली. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी जवळ जवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. तिने ओळींतलं अंतर वाढवलं, आणि जागा पुरावी म्हणून वरच्या ओळीचं अक्षर लहान करून खालच्या ओळीचं मोठं केलं. त्यामुळे आता पानावर सुविचार लहान आणि कृती ठळक दिसते. मला हे बेहद्द आवडलं.

किती लोकांना आवडलं, किती बदाम आले, हे नात मला मधूनमधून कळवते. मी तिला विचारते की किती जणांनी ते जपून ठेवलं, तो आकडाही तिला दिसतो म्हणे. पण तोही आकडाच. शिकवणीतल्या मैत्रिणीला मी सांगितलंय की सोमवारी वर्गात हात वर करायला लावू नको, हात सगळेच वर करतात. पंजे बघ, किंवा तीन खणांचा कागद मागव.

शेजारच्या मुलाने त्याचा कागद मला आणून दाखवला. मधल्या खणात सर्वांत जास्त गुण होते, आणि त्याने आपल्या मनाने त्या खणाचे आणखी दोन भाग पाडले होते, 'घाईत चुकलं' आणि 'खाडाखोड केल्यावर चुकलं'. दुसऱ्या भागात चार गुण निघाले. चारही वेळा आधी लिहिलेलं उत्तर बरोबर होतं.